आमची वाटचाल : आगळाची बाटली आणि गिऱ्हाइकांची यादी

कोकमाचं आगळ, आमसुलं, कुळथाचं पीठ आणि हंगामात हापूस, एवढाच आमचा माल. वेंगुर्ल्याजवळ घरापुढच्या खळ्यात वहिनी आणि मी हा धंदा उभा केला. आगळ वहिनीचं, हिशेब माझा. वाशीला पेट्या पाठवायच्या आणि दलालाची पट्टी येईल ती मुकाट्याने घ्यायची, हे आमच्या घरात दोन पिढ्या चाललं होतं. 2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांनी थेट बागायतदारांकडून पेट्या उचलल्या. त्या हंगामात आम्हाला पहिल्यांदा आपलं गिऱ्हाईक नावानिशी दिसलं.

ती नावं माझ्या फोनमध्ये विखुरलेली होती. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टमध्ये एका यादीत 256 जणच बसतात, आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो निरोप पोचतच नाही. पहिल्यांदा घेणारा माणूस नंबर सेव्ह करत नाही. म्हणून मी ईमेल धरली. आमची निम्मी गिऱ्हाइकं नोकरदार. मुलगा बंगळुरूला बसून डोंबिवलीच्या आईबापांसाठी ऑर्डर देतो. त्यांना मेल बरी पडते, कारण बिल आणि पार्सलचा नंबर शोधायला ते तिथेच जातात.

वहिनीने पहिल्या दिवशी बजावलं होतं, "गिऱ्हाईक गावला म्हणान तेका रोज हाका मारू नको." आमची सगळी पद्धत त्या एका वाक्यावर उभी आहे.

पत्ते आम्ही दोनच वाटांनी घेतो. ऑर्डरच्या फॉर्मवर बिलासाठी ईमेल मागतो, आणि खाली वेगळी चौकट ठेवतो: "बाटली संपायच्या सुमारास आठवण करायला चालेल." ती चौकट आधीपासून टिक केलेली नसते. बिलासाठी दिलेला पत्ता बिलासाठीच. दुसरी वाट प्रदर्शनातल्या वहीची. वहीतलं अक्षर कधी लागत नाही, gmail चं gmial होतं, म्हणून वहीतल्या प्रत्येक पत्त्यावर आधी एकच छोटी मेल जाते: या लिंकवर बोट लावलंत तरच पुढे लिहू. जो लावत नाही त्याचं नाव यादीत चढत नाही. प्रदर्शनाच्या गर्दीत घेतलेल्या पत्त्यांतले पुष्कळ इथे गळतात, आणि ते गळलेलेच बरे. चुकलेल्या पत्त्यावर मेल आपटून परत येते, आणि अशा परतलेल्या मेल वाढल्या की जीमेलसारख्या कंपन्या तुमच्याकडे संशयाने बघतात.

आता खरी गोष्ट, आठवण केव्हा करायची. आजही ओळखीचे कितीतरी व्यापारी महिन्याच्या एक तारखेला सगळ्यांना एकच मेल धाडतात. परवा बाटली नेलेल्यालाही तीच आणि वर्षभर न फिरकलेल्यालाही तीच. मी एक साधी एक्सेल शीट केली. नाव, पहिल्या ऑर्डरची तारीख, दुसऱ्या ऑर्डरची तारीख, मधले दिवस. ज्यांनी एक लिटरची एक बाटली नेली आणि पुन्हा मागवली, त्यांचे मधले दिवस चढत्या क्रमाने लावले आणि बरोब्बर मधला आकडा घेतला. सरासरी घेऊ नका. एखादा माणूस दीड वर्षाने परत येतो आणि सरासरी कुठच्या कुठे नेऊन ठेवतो. आमचा मधला आकडा सत्तर दिवसांच्या आसपास आला. दोन बाटल्या नेणाऱ्याला दुप्पट दिवस लागतील असं वाटतं, पण तसं होत नाही. बाटली हाताशी असली की सोलकढी जास्त वेळा होते, एखादी बाटली शेजारीही जाते. तिथे आकडा चार महिन्यांच्या आत राहिला. मार्च ते मे मध्ये तर एक बाटली चाळीस दिवसांत संपते, म्हणून उन्हाळ्याची शीट वेगळी ठेवली.

मेल त्या मधल्या दिवसाच्या दहा दिवस आधी जाते. पार्सल पोचायला चार-पाच दिवस धरावे लागतात, आणि बाटली संपल्यावर आठवण केली तर तोवर त्यांनी नाक्यावरच्या दुकानातून दुसरं काहीतरी आणलेलं असतं. पाठवायच्या आदल्या रात्री मी यादी ऑर्डरच्या वहीशी ताडून घेतो. मधल्या काळात ज्याने मागवलं त्याचं नाव काढायचं. हे काम कंटाळवाणं आहे, तरी मी ते कुणावर सोपवत नाही. काल पैसे भरलेल्या माणसाला आज "मागवा ना" म्हणणं यासारखं चिडवणारं दुसरं काही नाही.

गणपतीत आणखी एक गंमत होते. चाकरमानी गावी येतात, जाताना दुकानातून स्वतःच बाटल्या नेतात, आणि ती विक्री शीटवर चढत नाही. मग सप्टेंबरात त्यांना आठवण जाते आणि ते वैतागतात. म्हणून चतुर्थीपासून दुकानात बिल करतानाच मोबाईल नंबर विचारून शीटवर खूण करतो.

मेलमधला मजकूर असा असतो:

"नमस्कार काकू. जूनमध्ये आपण आगळाची एक बाटली नेली होती, ती संपत आली असेल. नवी हवी असल्यास या मेलला नुसतं 'एक' किंवा 'दोन' लिहून उत्तर द्या, पत्ता तोच धरतो. सध्या नको असल्यास काहीच करू नका. ही आठवण पुन्हा कधीच नको असेल तर खालच्या ओळीवर बोट लावा."

फोटो नाही, सवलतीचा लाल पट्टा नाही. पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव आणि उत्तर दिलं तर मला पोचणारा पत्ता. "या पत्त्यावर उत्तर देऊ नये" असं लिहिणाऱ्यांचं मला नवल वाटतं, दुकानात बसून गिऱ्हाइकाला बोलू नका म्हणण्यासारखं आहे ते. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एक मेल आणखी, मग गप्प. आंब्यासाठी गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकांना हंगामात दोनच मेल: पेटीचा पहिला भाव ठरला की एक, शेवटची तोड लागली की एक. पहिल्या मेलमध्ये "यंदा नको" अशी ओळ असते. ती दाबली की नाव यादीत राहतं, पण पुढच्या वर्षापर्यंत मेल जात नाही. घरात मधुमेह निघाला, मुलाचं लग्न निघालं, माणसाला एखादं वर्ष आंबा नको असतो. कायमचं नाव काढण्याशिवाय दुसरी वाट दिली नाही तर तो कायमचा जातो.

डोंबिवलीच्या एक काकू पहिल्या यादीतल्या. त्यांचं उत्तर नेहमी एका शब्दाचं, "दोन". एकदा त्यांनी लिहिलं, "खारट वाटलं." वहिनीने त्या घाण्याच्या उरलेल्या बाटल्या उघडून चाखल्या आणि मिठाचं प्रमाण बदललं. असं उत्तर रंगीत जाहिरातीला येत नाही.

मधली वर्षं बरी गेली. मग 2024 चा हंगाम आला.

त्या वर्षी फेब्रुवारीपासून जीमेल आणि याहू यांनी नियम कडक केले होते. मेल खरोखर तुमच्याच डोमेनवरून, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या तुमच्या नावावरून, आली याचा पुरावा हवा, आणि दिवसाला पाच हजारांवर मेल धाडणाऱ्याने एका बोटात यादीतून बाहेर पडण्याची सोय द्यायलाच हवी. हजार मेलमागे तिघांनी "स्पॅम"चं बटण दाबलं की धोका. हे बसवून द्यायला मी शहरातली एक एजन्सी नेमली. करारात स्पष्ट लिहिलं होतं, मेल फक्त आमच्या यादीला. यादी दीड हजारांच्या आसपास. त्यांनी एप्रिलमध्ये कुठूनतरी विकत घेतलेले हजारो पत्ते तिच्यात मिसळले आणि आमच्या डोमेनवरून एका दिवसात सगळ्यांना मेल सोडली. आम्हाला विचारलं नाही, सांगितलंही नाही.

मला पहिली शंका फोनवरून आली. पैसे भरलेले लोक विचारू लागले, ऑर्डर मिळाली की नाही? बिलाची मेल त्यांच्या स्पॅममध्ये पडत होती, कारण जाहिरात आणि बिल दोन्ही एकाच डोमेनवरून जात होतं आणि डोमेनचं नावच खराब झालं होतं. परतलेल्या मेलमध्ये 550 ने सुरू होणाऱ्या ओळी, म्हणजे समोरच्याने मेल नाकारलेली. पाठवणाऱ्याची पत दाखवणाऱ्या गूगलच्या Postmaster Tools मध्ये डोमेनसमोर Bad. मग मेल पाठवणाऱ्या कंपनीने आमचं खातंच थांबवलं. इकडे आढीत आंबा पिकत होता आणि आंबा कुणासाठी थांबत नाही. निम्म्या पेट्या शेवटी वाशीला दलालाच्या भावाने गेल्या. ज्या पट्टीतून सुटायला एवढी वर्षं घातली, तीच पट्टी पुन्हा हातात आली. मजुरांचे पैसे द्यायला वहिनीने बांगड्या गहाण ठेवल्या. एजन्सीचं म्हणणं, "रीच वाढवून दिला."

सावरायला पुढचा हंगाम उजाडला. बिलं मूळ डोमेनवर ठेवली आणि आठवणीच्या मेल वेगळ्या सबडोमेनवर नेल्या, म्हणजे एकाचा डाग दुसऱ्याला लगेच लागू नये. नव्या वाटेवरून आधी फक्त गेल्या दोन महिन्यांतली गिऱ्हाइकं आणि उत्तर देणारी माणसं घेतली, दिवसाला वीस-पंचवीस. त्यांनी उत्तरं दिली तसतसा आकडा आठवड्याआठवड्याला वाढवला. मेल किती जणांनी उघडली या आकड्यावर विसंबलो नाही. ॲपलच्या मेलमध्ये 2021 पासून माणसाने न बघताही मेल उघडल्याची नोंद होऊ शकते. उत्तर, लिंकवरचं बोट आणि ऑर्डर, एवढंच मोजलं. वर्षभर यातलं काहीच न करणाऱ्यांना यादीतून काढलं. यादी लहान झाली आणि ऑर्डरी पूर्वीइतक्या आल्या.

तुमचं काय चाललंय ते बघायला एजन्सी लागत नाही. धंद्याच्या पत्त्यावरून स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा, ती संगणकावर उघडा आणि कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांतून Show original बघा. मेल तुमच्याच डोमेनवरून आली का हे तपासणाऱ्या SPF, DKIM, DMARC या तिन्ही नावांसमोर PASS दिसलं पाहिजे. एकासमोर जरी FAIL असेल तर आधी ते दुरुस्त करा, मजकुराचा विचार नंतर.

आमचे पैसे त्या एजन्सीने अजून परत केलेले नाहीत. कराराची प्रत आणि त्या दिवशीच्या मेलची नोंद माझ्याकडे जपून आहे. तुम्ही कुणाला काम देणार असाल तर करारात तीन गोष्टी घालून घ्या: बाहेरचा एकही पत्ता यादीत येणार नाही, प्रत्येक मेल जाण्याआधी तिच्या पत्त्यांची संख्या मालकाला लेखी कळवली जाईल, आणि मेल पाठवणाऱ्या खात्याची मालकी तुमच्या नावावर राहील, म्हणजे त्यांचा प्रवेश तुम्हाला कधीही बंद करता येईल. तिसरी गोष्ट आमच्या करारात नव्हती, कारण मसुदा त्यांचाच होता आणि ती ओळ त्यांनी घातलीच नव्हती.