पीजीच्या जाहिरातीतलं भाडं आणि वर्षभराचा हिशेब

कॅप राउंडमध्ये लेकीला पुण्यात, कर्वेनगरच्या बाजूला इंजिनिअरिंगची सीट मिळाली आणि आम्ही चाळीसगावात बसून पीजीच्या जाहिराती वाचू लागलो. त्या सगळ्या एकाच माणसाने लिहिल्यासारख्या वाटतात. घरगुती जेवण, सीसीटीव्ही, २४ तास पाणी, कॉलेजपासून पाच मिनिटं, पालकांनी निश्चिंत राहावं. फरक दिसतो तो फक्त भाड्याच्या आकड्यात, त्यामुळे आपण तोच बघून यादी लावतो. आमच्या यादीत सगळ्यात वर एक ६,५०० रुपयांची कॉट होती आणि बरीच खाली एक ९,८०० ची. शेवटी लेक राहायला गेली ती ९,८०० वाल्या काकूंकडे, आणि तेही पैसे वाचतात म्हणून.

६,५०० मध्ये तिघींच्या खोलीतली कॉट होती, जेवण वेगळं. फोनवर विचारल्यावर एकेक गोष्ट बाहेर आली. करार ११ महिन्यांचा, मुलगी सुट्टीत घरी गेली तरी भाडं चालूच. लाइटबिल वेगळं, माणशी साधारण ४०० येतं. डिपॉझिट दोन महिन्यांचं, त्यातले ३,००० ‘रंग आणि साफसफाई’ म्हणून कापणार. जवळच्या मेसचे दोन वेळचे ३,४०० आणि नाश्ता बाहेर, म्हणजे महिन्याला हजार धरायचे. दिवाळी, परीक्षेनंतरची सुट्टी वगैरे वजा जाता मुलगी पुण्यात नऊ महिने जेवेल असं धरलं. भाड्याचे ७१,५००, मेसचे ३०,६००, नाश्त्याचे ९,०००, लाइटचे ४,४०० आणि ते कापायचे ३,०००. बेरीज १,१८,५००.

९,८०० मध्ये नाश्ता, दोन वेळचं जेवण आणि लाइट सगळं आलं. डिपॉझिट एका महिन्याचं, महिनाभर आधी सांगितलं तर पूर्ण परत. ११ महिन्यांचे १,०७,८०० झाले. रविवारी रात्री स्वयंपाक बंद असतो, त्या जेवणाचे वर्षाला ४,००० धरले. म्हणजे १,११,८००. महिन्याला ३,३०० नी महाग दिसणारी जागा वर्षाला ६,७०० नी स्वस्त पडत होती.

या हिशेबात एक मोठी मेख आहे. जेवण आवडलं नाही आणि मुलगी निम्मे दिवस बाहेर खाऊ लागली, तर सगळं गणित उलटतं, कारण जेवणाचे पैसे भाड्यातच गेलेले असतात. मेस वेगळी असेल तर ती बदलता येते. आधी सांगून गेलेल्या दिवसांचा खाडा धरणाऱ्या मेसमध्ये तेवढे पैसे वळतेही होतात. पीजीत जेवण भाड्यातच धरलेलं असेल, तर खाडा बहुतेक कुणी देत नाही. त्यामुळे अशा ठिकाणी जेवण चाखून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि रविवारी तर चाखूच नये. रविवारी दुपारी फीस्ट असते. पुरी, मसालेभात, गोड, सगळं छान. आम्ही मधल्या वारी रात्री जेवायला बसलो. पोळ्या गरम होत्या, आमटी पातळ होती आणि भाजीत चक्क साखर. खानदेशी जिभेला ते झेपायला वेळ लागणार हे दिसतच होतं, पण चवीशी जुळवून घेता येतं. शिळं वाढत असतील तर काय जुळवणार?

काकूंपेक्षा तिथल्या मुलींना विचारलेलं जास्त उपयोगी पडलं. पोळ्या मोजून देतात का? प्रॅक्टिकलमुळे यायला उशीर झाला तर ताट झाकून ठेवतात का? दुपारी डबा भरून मिळतो की जेवायला खोलीवरच यावं लागतं? कॉलेजच्या मधल्या सुट्टीत कुणी जेवायला परत येत नाही, त्यामुळे डबा नसेल तर ‘दोन वेळचं जेवण’ प्रत्यक्षात एकाच वेळचं होतं. इथे सकाळी आठला डबा मिळतो, असं दुसऱ्या वर्षाची एक मुलगी म्हणाली. पोळ्या मात्र चारच.

सुरक्षेच्या बाबतीत जाहिराती कॅमेऱ्यांबद्दल बोलतात. दुसऱ्या एका पीजीत कॅमेरे भरपूर होते, अंगठा लावून उघडणारं दारही होतं. मालक दुसऱ्या उपनगरात राहत होते. रात्री दहाला जिन्याच्या जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लागायचं आणि किल्ली खालच्या वॉचमनकडे असायची. खिडक्यांना पक्के गज. रात्री कुठे शॉर्टसर्किट झालं, तर वरच्या मुली उतरणार कुठून? ‘पण दार बंद असलेलं पालकांनाच आवडतं,’ असं उत्तर मिळालं. आमचे हे उठलेच. तिथल्या बाथरूममध्ये गॅस गीझर होता आणि झरोका पुठ्ठ्याने बंद केलेला. गॅस गीझर बंद जागेत चालला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, अंघोळ करणाऱ्याला गुंगी येते आणि कळायच्या आत माणूस कोसळतो. अशा मृत्यूंच्या बातम्या आपल्याकडे दर हिवाळ्यात येतात. पीजी बघायला गेलात तर गीझर विजेचा आहे की गॅसचा, आणि गॅसचा असेल तर त्याचं सिलिंडर व गीझर दोन्ही बाहेर आहेत का, हे कॅमेऱ्यांच्या आधी बघा.

काकू त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. दार आतून उघडतं, पण रात्री साडेनऊनंतर यायचं असेल तर आधी फोन करावा लागतो. गावाहून येणारी गाडी लेट झाली तर काय, हेही विचारून घेतलं. फोन केला की दार उघडतील, मग कितीही वाजोत. बसस्टॉपपासून इमारतीपर्यंतचा रस्ता आम्ही मुद्दाम रात्री नऊला चालून बघितला. दिवसा सगळेच रस्ते चांगले दिसतात. एका वळणावर दिवा नाही, तिथून न जाता मोठ्या रस्त्याने यायचं असं लेकीला सांगून ठेवलंय.

कागदपत्रांचा भाग छोटा आहे, पण पैसे बुडतात ते इथेच. जागा न बघता ‘तीन जण रांगेत आहेत, टोकन पाठवा’ म्हणणाऱ्याला आम्ही एक रुपयाही पाठवला नाही. कॅप राउंडचा निकाल लागला की असे फोन वाढतात. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणार का, असं विचारलं की माणूस कळतो. काकूंनी स्वतःच आधारची प्रत आणि फोटो मागितला, बाकी दोन ठिकाणी ‘त्याची काय गरज?’ असं ऐकावं लागलं. मूळ गुणपत्रिका किंवा दाखला मात्र कुणालाच ठेवायला देऊ नये. काही ठिकाणी तेही मागतात.

काकूंचा छापील नियमांचा कागद होता, त्यात मुलींनी काय करायचं नाही एवढंच होतं. त्याखाली आम्ही हाताने चार ओळी वाढवायला लावल्या: डिपॉझिट किती, नोटीस किती दिवसांची, सोडल्यावर किती दिवसांत परत, आणि वर्षाच्या मध्ये भाडं वाढणार नाही. शेवटच्या ओळीवर काकू जरा घुटमळल्या. ‘गॅस महागला तर?’ म्हणाल्या. मग जून महिन्यात नवीन दर, तोपर्यंत हाच, असं ठरलं आणि दोघींनी सह्या केल्या. खोलीत सामान ठेवण्याआधी लेकीने कपाटाचं तुटकं बिजागर, भिंतीची ओल आणि गादीचे फोटो काढून त्याच संध्याकाळी काकूंना व्हॉट्सॲपवर पाठवले. त्यांचं ‘ओके’ आलं, तो मेसेज डिपॉझिट हातात पडेपर्यंत पुसायचा नाही असं तिला बजावलंय.