पुस्तकपारख, नोंद १४ : सूचीतले तीन शब्द

या महिन्यात सोलापुरातल्या एका पुस्तक प्रदर्शनात दोन संध्याकाळी घालवल्या. एकूण अकरा पुस्तकं हाताळली, त्यातली दोन घेतली. पण इथे लिहायचंय ते, विकत घेण्याआधी पुस्तक कसं पारखतो याबद्दल, एकाच विषयावरच्या दोन पुस्तकांच्या निमित्ताने. दोन्ही १९३० च्या सोलापूरच्या मार्शल लॉवरची, किंमतही जवळपास सारखी.

पहिलं पुस्तक दिसायला देखणं. मी थेट अनुक्रमणिका उघडली आणि नेहमीची वजाबाकी केली : पुढच्या प्रकरणाचा पानाचा आकडा वजा या प्रकरणाचा. २४० पानांच्या पुस्तकात शहराचा प्राचीन इतिहास, सिद्धेश्वरांचं चरित्र, १८५७, टिळकयुग असं करत पान १३१ वर एकदाचा १९३० चा मे महिना उगवतो आणि १५८ वर संपतो. म्हणजे मुखपृष्ठावर जे नाव आहे, त्याला आत २८ पानं. पुढे नुसती भाषणं आणि गौरवलेख. प्रकरणांची नावं वाचून हे कळलं नसतं, कारण नावं सगळी भारदस्त होती.

दुसऱ्याच्या अनुक्रमणिकेत निम्म्याहून जास्त पानं १९३० आणि १९३१ या दोन वर्षांनाच होती, म्हणून पुढे गेलो. प्रस्तावना एका मान्यवरांची. ती मी आता सोडूनच देतो. पूर्वी तीच वाचून दोनदा फसलो आहे. दुसऱ्याच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिणारा माणूस स्नेहापोटी लिहितो, त्यात पुस्तकाच्या उणिवा सापडत नाहीत. वाचायचं ते लेखकाचं मनोगत, आणि त्यातही फक्त दोन गोष्टी : साहित्य कुठून गोळा केलं आणि काय वगळलं. या लेखकाने मुंबईच्या पुराभिलेखागारातले कागद, त्या काळची वर्तमानपत्रं आणि गिरणी कामगारांच्या घरी जाऊन घेतलेल्या मुलाखती, असं तिन्ही स्पष्ट सांगितलं होतं. खटल्याच्या कायदेशीर बाजूत शिरलेलो नाही, हेही लिहिलं होतं. 'काय केलं नाही' हे सांगणारा लेखक दिसला की माझा हात खिशाकडे जातो.

तरी थांबलो, कारण पुस्तकाच्या शेवटची सूची राहिली होती. सूची उघडण्याआधी तीन शब्द मनात पक्के करायचे, ही सवय या वर्षी लावून घेतली आहे. आधी सूची चाळली तर जे दिसेल तेच बरोबर वाटायला लागतं. पहिला शब्द कोणत्याही पुस्तकात असणारच असा घेतला : कुर्बान हुसेन, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांपैकी एक. दुसरा, पद्मशाली समाज. तिसरा, मुद्दाम अडचणीचा : शिंदीची झाडं. सत्याग्रहात ती तोडली गेली, पण वरवर लिहिणारा हा तपशील सूचीपर्यंत नेत नाही.

कुर्बान हुसेन 'क'मध्ये नव्हते, 'ह'मध्ये 'हुसेन, कुर्बान' असे मिळाले. मराठी सूचीत आडनाव आणि नाव दोन्हीकडे बघावं लागतं, नाहीतर चांगलं पुस्तक उगाच नापास होतं. पद्मशालीपुढे 'पाहा : विणकर' आणि तिथे पोटनोंदी : मजुरी, तेलुगू शाळा, संपातला सहभाग. शिंदीपुढे ५१–५८. सलग आठ पानं म्हणजे तिथे खरी चर्चा आहे. सुटे सुटे आकडे असते तर नुसते उल्लेख. आणि एकाच नावापुढे वीस-पंचवीस आकडे पोटनोंदींशिवाय ओतलेले असले तर ती सूची संगणकावर शब्द शोधून काढलेली, वाचून केलेली नव्हे.

मग पान ५१ उघडलं. शिंदीचं नाव नाही. सापडलं ते ५७ वर.

ही दुसरी आवृत्ती होती, सूची पहिलीचीच ठेवलेली. अशा वेळी पुस्तक खाली ठेवण्याआधी आणखी दोन आकडे तपासावेत. फरक वाढत गेला, म्हणजे सुरुवातीला दोन पानं आणि शेवटी अकरा, तर अक्षरजुळणी नव्याने झालेली असते आणि ती सूची कामाची राहत नाही. इथे ११८ चा मजकूर १२४ वर मिळाला, २०३ चा २०९ वर. तिन्ही ठिकाणी सहाच. नव्या आवृत्तीचं निवेदन पुढे घालून त्याची पानंही क्रमांकात धरली होती, एवढंच.

स्टॉलवरचा मुलगा म्हणाला, "काका, शेवटची पानंच वाचताय की हो." वीस मिनिटं लागली होती. माझं उद्दिष्ट दहाचं आहे, त्यामुळे वेळेच्या बाबतीत ही नोंद कच्चीच.

एक मर्यादा मात्र लिहून ठेवतो. अनुक्रमणिका, मनोगत आणि सूची ही तिहेरी कसोटी आठवणींच्या पुस्तकांना लावू नये. मागच्या वर्षी एका गिरणी कामगाराचं आत्मकथन सूची नाही म्हणून परत ठेवलं आणि नंतर वाचनालयातून आणून दोन रात्रीत संपवलं. तिथे एखादं प्रकरण मधूनच उघडून दोन पानं वाचणं हाच उपाय.

दुसरं पुस्तक घेतलं. घरी आल्यावर सूचीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलं : +६.