एकही खाडाखोड नाही

झोप येत नाहीये. गडबड सापडली म्हणून नाही. गोदामातल्या स्टॉक-मोजणीचे ते कागद पहिल्यांदा हातात आले तेव्हा मला आवडले होते, म्हणून.

स्टॉकच्या 64 ओळी. एकच पेन, एकच अक्षर, खाडाखोड नाही, आणि 64च्या 64 ठिकाणी कॉम्प्युटरच्या आकड्याशी फरक शून्य. गोदामात दोन मिनिटं उभं राहिलं तरी हात मळतात, आणि या कागदांवर बोटाचा ठसासुद्धा नव्हता. हे आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा मनात आलं ते एवढंच, की आज लवकर सुटणार.

अडले ती स्क्रूंपाशी. सुटे स्क्रू कुणी एकेक मोजत नाही. शंभर तोलायचे, मग सगळा ढीग तोलायचा आणि भागाकार करायचा. आकडा जवळपासचा येतो. कागदावर होते 18,250 आणि कॉम्प्युटरवरही 18,250. काटा इतका आज्ञाधारक नसतो.

मग बेअरिंग. खोक्यात 48 नग, कागदावर 1,440, म्हणजे 30 खोकी. मी मोजली तर 28. थप्पीच्या मागे जाऊन पुन्हा मोजली, तरी 28च. गेटवरच्या वहीत आदल्या संध्याकाळी दोन खोकी बाहेर गेल्याची नोंद होती, पण चलन कॉम्प्युटरवर चढवायचं राहिलं होतं. म्हणजे कॉम्प्युटरचा आकडाच चुकीचा, आणि मोजणी त्याच्याशी तंतोतंत जुळलेली! खरंच कुणी मोजलं असतं तर 96चा फरक आलाच असता. तो आला असता तर चलन दाखवून विषय संपला असता, आणि मी निवांत सही केली असती.

म्हणजे चोरी नाही. पण बाकीच्या 63 ओळींवर आता कशाच्या जोरावर विश्वास ठेवायचा?

स्टोअरकीपर काका शांतपणे म्हणाले, "आकडे तुम्हीच छापून दिले होते ना, मॅडम?"

हो. मीच. मोजणीच्या तक्त्यात शिल्लक साठ्याचा रकाना ठेवायचा नसतो, हे मला पाठ आहे. परीक्षेत लिहिलंही आहे. काकांनी तो शेजारच्या रकान्यात उतरवून काढला, बस. सगळे गेल्यावर मी एकटीच तिथे बसून होते. रडूही आलं थोडं. नव्या माणसाला कुणी धड सांगत नाही, सगळं माझ्याच वाट्याला... वगैरे. सर फोनवर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त "हं" म्हणाले.

पण मला ते कागद आवडले होते, हे काही केल्या मनातून जात नाही. काकांना काम उरकायचं होतं, मलाही. आमचं दोघांचं छान जुळलं होतं, आकड्यांसारखंच.

उद्या सातला पुन्हा मोजणी. तक्ते छापून झाले, तो रकाना उडवलाय. तीनदा उघडून पाहिलं. जुने बूट दाराशी काढून ठेवलेत.