नेट पे मायनस ९,९०० : माझा अनुभव

मी पगार विभागात काम करते. महिन्याचा पगार रन करायच्या आधी ट्रायल रन घेऊन नेट पे शून्याच्या खाली गेलेल्यांची यादी काढायची ही आमची पद्धत. बहुतेक वेळा यादी रिकामी येते किंवा कोणाचं तरी किरकोळ दोनशे-तीनशेचं असतं. त्या महिन्यात एकच नाव आलं, पण समोर आकडा होता मायनस १३,९००.

केस अशी. आमचे एक सहकारी आजारपणामुळे ११ तारखेपासून रजेवर गेले आणि पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत घरीच होते. अर्ज आजारपणाच्या रजेचा होता, मंजुरी पेंडिंग होती, आणि पेंडिंग रजा भरपगारी धरून पहिल्या महिन्याचा पगार पूर्ण निघाला. मंजुरीचा कागद आला तेव्हा कळलं की त्यांच्या खात्यात रजा शिल्लकच नाही, म्हणजे सगळी रजा बिनपगारी. पहिल्या महिन्याचे २० दिवस जास्तीचे दिले गेले होते आणि दुसऱ्या महिन्यात तर काम फक्त १० दिवसांचं.

आकडे सांगते, सोपे आहेत. पगार महिना ३०,०००, महिना ३० दिवसांचा धरायचा, म्हणजे दिवसाला १,०००. कपाती तीनच: निवृत्ती निधी १० टक्के, विम्याचा हप्ता ९००, आणि कंपनीकडून घेतलेल्या कर्जाचा हप्ता ४,०००. टॅक्स त्यांना बसत नव्हता, ते एक बरं.

दुसऱ्या महिन्याची कमाई १०,०००, त्यातून मागची वसुली २०,०००, म्हणजे ग्रॉसच मायनस १०,०००. पहिल्या महिन्यात निधी ३,००० कापला होता, पण खरा पगार १०,०००च होता तर निधीही १,०००च हवा होता, म्हणून २,००० त्यांना परत, आणि या महिन्याचे १,००० कापायचे, म्हणजे निधीत उलट १,००० त्यांच्या बाजूने जमा. झाले मायनस ९,०००. विम्याचे ९०० गेले की मायनस ९,९००. वर कर्जाचा हप्ता ४,०००, म्हणून मायनस १३,९००.

निधीचं मी मुद्दाम सांगतेय, कारण इथेच पुष्कळ ठिकाणी घोळ होतो. वसुलीची नोंद हाताने "इतर कपात" म्हणून टाकली की सिस्टीम पूर्ण २०,००० कापते आणि निधीला हातच लावत नाही. माणसाच्या हातात त्या २० दिवसांचे खरे १८,०००च पडलेले असतात (२,००० निधीत गेले ना), पण परत मागतोय आपण २०,०००. त्यामुळे वसुली कपात म्हणून टाकायची नाही, मागच्या महिन्याची हजेरी दुरुस्त करायची आणि सिस्टीमलाच तो महिना पुन्हा मोजू द्यायचा, मग जुना आणि नवा यातला फरक ती स्वतः या महिन्यात आणते आणि निधीचाही आणते. हजेरीत २० दिवस बिनपगारी टाकल्यावर फरकाच्या दोन ओळी दिसल्या, एक मायनस २०,००० ची आणि एक निधीची प्लस २,००० ची. एकच ओळ दिसली असती तर मी तिथेच थांबले असते.

आता मायनस १३,९०० पुढे ओढायचे का? आमच्या अकाउंट्सच्या सरांचं म्हणणं, हो, सगळे ओढा, काय फरक पडतो, शेवटी सगळे त्यांच्याकडूनच यायचेत. मला ते पटलं नाही, कारण हे पैसे दोन वेगळ्या जातीचे आहेत. ९,९०० हे खरोखर कंपनीचे त्यांच्याकडे अडकलेले पैसे: जास्तीचा पगार देऊन झालेला आहे, आणि विम्याचा हप्ता पगार असो नसो कंपनीला विमावाल्यांना भरावाच लागतो. कर्जाचा हप्ता तसा नाही, तो कापला नाही तर कर्जाची बाकी आहे तिथेच राहते, शेड्यूल एक महिना पुढे सरकतं, बास. ४,००० ओढायचेच तर कर्जखात्यात हप्ता भरला अशी नोंद करावी लागणार, म्हणजे व्याजाचं कर्ज बिनव्याजी येणे रकमेत बदललं, आणि ती नोंद कोणी विसरलं तर तेच ४,००० एकदा मागच्या बाकीतून आणि एकदा कर्जातून, असे दोनदा कापले जाणार. हे दोनदा कापणं लगेच कळत नाही बरं का, कर्ज संपायच्या वेळेला माणूस म्हणतो माझे हप्ते तर झाले, मग बाकी कशी, आणि तोवर मूळ कागद कुठे गेले कोणाला माहीत. सरांना हे कागदावर मांडून दाखवल्यावर ते म्हणाले, "बरं, हप्ता थांबवा, पण कर्ज विभागाला मेल टाका." टाकला. म्हणजे पुढे न्यायची रक्कम ९,९००.

सिस्टीममध्ये यासाठी कपातींना क्रम द्यावा लागतो. आधी कायद्याने सक्तीच्या, मग कंपनीने बाहेर भरलेल्या, मग कर्ज वगैरे, आणि प्रत्येकीला विचारलेलं असतं की पैसे पुरले नाहीत तर काय: पूर्ण सोडायची, जमेल तेवढी घ्यायची, की बाकी पुढे न्यायची. आमच्याकडे कर्जाला "पुढे न्यायची" असं लागलेलं होतं, ते "सोडायची" केलं, ट्रायल पुन्हा घेतली, आता मायनस ९,९०० आले.

पगाराच्या स्लिपवर मायनस छापत नाहीत. नेट पे शून्य दाखवायचं आणि खाली एक ओळ, पुढील महिन्यात नेलेली बाकी ९,९००. पुढच्या महिन्यात तीच मागील बाकी म्हणून कपातीत येते. बँक फाइलमध्येही त्यांची ओळ जाता कामा नये, कारण मायनस रक्कम बँक घेत नाही, किंवा फाइलची बेरीज तेवढ्याने कमी होते आणि मग गोंधळ. इथे एक तपासणी मला फार उपयोगी पडते: पगारपत्रकात मायनस धरून केलेली नेटची बेरीज आणि बँक फाइलची बेरीज यातला फरक बरोबर पुढे नेलेल्या रकमांएवढा असला पाहिजे. आमच्याकडे फरक बरोबर ९,९०० आला. हा फरक हिशोबात पगारखर्चात मिसळायचा नाही, "कर्मचाऱ्यांकडून येणे" या खात्यात नावे टाकायचा.

खरा त्रास पुढे. सिस्टीमला तसंच सोडलं की ती तिसऱ्या महिन्यात सगळे ९,९०० एकदम घेते. तिसऱ्या महिन्यात कमाई ३०,०००, नेहमीच्या कपाती ७,९००, हातात २२,१००, त्यातून ९,९०० गेले तर १२,२००. आणि आधीच्या महिन्यात हातात शून्य. स्लिप मिळाल्यावर त्यांचा फोन आला, आवाज चढलेला, "मॅडम, शून्य पगार म्हणजे काय? आणि वर मीच कंपनीला देणं लागतो?" मी त्यांना दोन्ही महिन्यांचा हिशोब ओळीनं वाचून दाखवला. मध्ये एकदा म्हणाले, "थांबा, लिहून घेतो", आणि शेवटी म्हणाले, "हे सगळं ठीक, पण एकदम नका कापू."

एकदम कापता येतं का हाही प्रश्नच असतो. पगारातून किती कापायचं यावर ठिकठिकाणच्या कायद्यात मर्यादा असतात, आणि कंपनीच्या नियमातही. आमच्याकडे नियम असा की एकूण कपात ग्रॉसच्या निम्म्याच्या वर जाऊ नये. निम्मे म्हणजे १५,०००, त्यात ७,९०० आधीच गेलेले, म्हणून मागच्या बाकीला जागा उरते ७,१००. सिस्टीम हे स्वतःहून बघत नव्हती, मर्यादा घालायचं सेटिंग मागच्या बाकीच्या ओळीला लागूच नव्हतं. म्हणजे नियमाप्रमाणे ७,१०० तिसऱ्या महिन्यात आणि उरलेले २,८०० चौथ्यात. सरांना तेच हवं होतं, कारण मध्येच माणूस सोडून गेला तर शेवटच्या हिशोबात जेवढं निघेल तेवढंच निघतं, उरलेल्यासाठी पत्रव्यवहार करत बसा. ते चूक नव्हते. पण नियम कमाल मर्यादा सांगतो, तेवढं कापलंच पाहिजे असं नाही. शेवटी ३,३०० चे तीन हप्ते ठरले आणि त्यांच्याकडून सहीचं पत्र घेतलं: एकूण रक्कम, हप्ता, कोणत्या महिन्यापासून, आणि नोकरी सोडल्यास राहिलेली बाकी अंतिम हिशोबातून घ्यायला संमती. पत्राशिवाय असा हप्ता मी तरी लावत नाही.

सिस्टीममध्ये हप्ते लावायला आधी ती आपोआप आलेली ९,९०० ची बाकी बंद करायची आणि त्याच रकमेचं बिनव्याजी वसुलीखातं उघडायचं, हप्ता ३,३००. दोन्ही चालू राहिले तर दुहेरी कपात. तिसऱ्या महिन्याच्या ट्रायलमध्ये नेट १८,८०० आलं तेव्हा मी जुनी ओळ खरंच गेलीय का ते स्लिप उघडून बघितलं, नुसत्या बेरजेवर सोडलं नाही.

आणि तरी चौथ्या महिन्यात एक गंमत झालीच. इन्सेंटिव्हचं वेगळं पेमेंट निघालं, त्यांना ५,००० होते, आणि त्या वेगळ्या रनच्या ट्रायलमध्ये त्यांचं नेट १,७००! वसुलीखातं नुसतं महिन्याच्या रनला नाही, प्रत्येक रनला चालू होतं, त्यामुळे ३,३०० तिथेही कापायला घेतले. मग खात्यावर "फक्त नियमित पगारातून" अशी खूण केली आणि रन पुन्हा घेतला. कोणाचे पैसे पुढे नेलेले असतील तर वेगळा रन लावायच्या आधी ही खूण बघा, कारण असं पेमेंट घाईतच निघतं आणि ट्रायल कोणी उघडत नाही.

दर महिन्याला मी एक छोटा ताळा ठेवला: सुरुवातीची बाकी, अधिक नवीन, वजा वसूल, म्हणजे शेवटची बाकी, आणि ती येणे खात्याशी जुळली पाहिजे. तिसऱ्या महिन्याअखेर ६,६००, चौथ्याअखेर ३,३००, पाचव्यात शून्य. सुदैवाने मध्ये टॅक्सचं वर्ष बदललं नाही, नाहीतर एका वर्षात दिलेला पगार दुसऱ्या वर्षात वसूल होतो आणि आधीच्या वर्षाचं टॅक्सचं पत्रक दुरुस्त करायचं की नाही हे टॅक्सवाल्यांना विचारावं लागतं. कर्जाचं शेड्यूल शेवटी एका महिन्याने वाढलं, त्याची नवी प्रिंट त्यांनी मागून घेतली आणि त्या वाढलेल्या महिन्याचं व्याज किती पडतं तेही विचारलं. ते कर्ज विभागाकडून काढून दिलं.