"तीस टाका नं, कोण पाहते!"

"भाऊ, बँकेच्या प्रोजेक्ट रिपोर्टात मालाचे दिवस, उधारीचे दिवस किती टाकायचे? बँकेला बरे दिसतील असे सांगा नं."

टॅलीतून निघतील तेवढेच. नागपूरच्या इतवारीत पीव्हीसी पाइपचं होलसेल असलेल्या एका शेठजींना मी हेच सांगितलं होतं. हिशेब सोपा जावा म्हणून त्यांचे आकडे इथे थोडे गोल करून देतो.

विक्री वर्षाला ३ कोटी ६५ लाख, जीएसटी सोडून. म्हणजे रोजची एक लाख. त्या एक लाखाच्या मालाची खरेदी ९० हजारांची. मार्चअखेर गोदामात ५४ लाखांचा माल पडून होता. त्याला रोजच्या विक्रीनं नाही, रोजच्या खरेदीनं भागायचं, कारण गोदामातल्या पाइपावर अजून नफा चढलेला नसतो. आले ६० दिवस.

उधारी ५९ लाखांची. एक लाखानं भागलं की ५९ दिवस येतात आणि बरेच जण तिथेच थांबतात. पण बिल १८ टक्के जीएसटी लावून फाटतं. पार्टीच्या नावावर चढतं ते जीएसटीसकट, आणि विक्रीचा आकडा मात्र जीएसटी सोडून. आधी ५९ ला १.१८ नं भागा, ५० लाख उरतात, म्हणजे ५० दिवस. नऊ दिवस नुसत्या करानं वाढवले होते. कंपन्यांचं देणं ३१ लाख ८६ हजार होतं. त्यातलाही जीएसटी काढला की २७ लाख, ९० हजारांनी भागून ३० दिवस.

आता मालाचे ६० आणि उधारीचे ५० जोडा, देण्याचे ३० वजा करा. कंपनीला दिलेला रुपया ८० दिवसांनी गल्ल्यात परत येतो, हेच पैशाचं चक्र. तोवर धंद्यात अडकलेले पैसे किती, तर माल अधिक उधारी वजा देणं, साधारण ८१ लाख. (इथे मात्र जीएसटी काढायचा नाही. पार्टीनं पैसे देवोत न देवोत, कर वेळेवर भरावाच लागतो.)

शेठजींना ५० दिवस आवडले नाहीत. "वसुली ढिली दिसते. तीस टाका नं, कोण पाहते!" मी मान डोलावली, ती माझी चूक. तीस दिवस धरले की उधारी ३५ लाख ४० हजारांवर येते आणि लागणारा पैसा ८१ वरून साडेसत्तावन लाखांवर. त्यातला पाऊण भाग बँकेकडून मागायचा होता. म्हणजे ६१ लाखांची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, लागत असताना आम्ही स्वतःच्या हातानं ४३ लाखांची मागितली. बँकेनं ती मंजूरही केली. काटोल-पुलगावचे दुकानदार मात्र रिपोर्ट वाचून पैसे देत नाहीत. कास्तकाराचा कापूस विकला गेला की ते देतात. तिसऱ्या महिन्यात सीसी तोंडापर्यंत भरली आणि कंपनीला दिलेला चेक परत आला.

पुढच्या वर्षी आम्ही पार्टीवार जुनी येणी काढली. ५९ लाखांपैकी ११ लाख ८० हजार दोन पार्ट्यांकडे वर्षभरापासून पडलेले, त्यातल्या एकाचं शटर केव्हाच बंद. ते बाजूला काढले तर बाकी उधारी ४० दिवसांची निघाली. म्हणजे ५० दिवसांनी पैसे देणारं गिऱ्हाईक आमच्याकडे कोणीच नव्हतं. चाळीसवाले होते आणि बुडीत होते, दोघांची सरासरी ५० येत होती. बँकाही साधारणपणे ९० दिवसांवरची उधारी ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे सीसीतून किती उचलता येईल त्या हिशेबात, धरत नाहीत. तेव्हा ही रक्कम रिपोर्टात वेगळी दाखवलेली बरी, नाहीतर पहिल्याच स्टॉक स्टेटमेंटला अधिकारी ती उकरून काढतो.

मालाचे ६० दिवसही जरा संशयानं बघा. मार्चअखेर आमच्याकडे उन्हाळ्याच्या सीझनसाठी पाइप भरलेला असतो. बाराही महिनाअखेरींचा माल घेऊन सरासरी काढली तर ४८ दिवस आले. मी आता रिपोर्टात सरासरी टाकतो आणि मार्चचा आकडा खाली टीपेत देतो.

शेठजींचा शेवटचा तोडगा होता, देणंच ३० वरून ७५ दिवसांवर न्यायचं, चक्र आपोआप लहान! कागदावर होतं. पण त्यांचा फिटिंगचा माल हिंगण्याच्या एका नोंदणीकृत लघुउद्योगाकडून येतो. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं अशा उत्पादकाचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावं लागतं. त्यापुढे बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. आयकरातही अशा थकलेल्या बिलाचा खर्च पैसे दिल्याच्या वर्षीच वजा मिळतो. ऐकून शेठजी गप्प झाले, मग मुनीमजींना म्हणाले, "त्या शटरवाल्याचा घरचा पत्ता काढा."