सात मिलिमीटर

गल्लीच्या टोकाला असलेल्या गॅरेजात दुपारी एका डिझेल इंजिनाचे हेड उतरवून ठेवले होते आणि मिस्त्री जेवायला गेले होते. उघड्या सिलिंडरात पिस्टन दिसला की तो फिरवून पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. ही खोड वयाबरोबर वाढतच चालली आहे. टॉपला, म्हणजे सर्वांत वरच्या जागी, पिस्टन काठाशी समतल होता. फ्लायव्हीलवर खडूने खूण करून क्रँक बरोबर ९०° फिरवला आणि पिस्टन किती खाली गेला ते मोजले, तर ६२ मिलिमीटर भरले. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरून खालपर्यंतची वाट, ११० मिलिमीटरचा, म्हणून निम्मी वाट ५५ ची. पाव फेरीतच पिस्टन निम्म्याहून सात मिलिमीटर पुढे गेला होता.

हे सात मिलिमीटर पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या कलण्यातून येतात. क्रँकची त्रिज्या ५५ आणि रॉडची लांबी २२०, म्हणून दोहोंचे गुणोत्तर n येथे ४ आहे. क्रँक आडवा झाला की रॉडचे खालचे टोक ५५ मिलिमीटर बाजूला सरकते, आणि भिंतीला टेकवलेल्या शिडीचा पाय ओढल्यावर वरचे टोक खाली घसरते तसे घडते: २२० च्या रॉडची उभी उंची २१३ उरते. पुढच्या पाव फेरीत रॉड पुन्हा सरळ होत जातो, त्यामुळे पिस्टनच्या वाट्याला उरलेले ४८ मिलिमीटरच येतात. रॉड अनंत लांबीचा असता, तर दोन्ही वाटा सारख्या झाल्या असत्या.

वेग आणि त्वरण यांच्या सूत्रांत या कलण्याची नोंद दुसऱ्या पदात होते.

v = ωr (sin θ + sin 2θ / 2n)

a = ω²r (cos θ + cos 2θ / n)

येथे θ हा टॉपपासून मोजलेला क्रँकचा कोन, r ही क्रँकची त्रिज्या आणि ω हा क्रँकचा कोनीय वेग. हे इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांनी चालते असे धरले, तर ω सुमारे १५७ रेडियन प्रति सेकंद आणि ωr ८.६४ मीटर प्रति सेकंद येतो. ९०° ला पिस्टनचा वेग एवढाच असतो. पण सर्वाधिक वेग, ८.९ मीटर प्रति सेकंद, त्याआधीच ७७° च्या आसपास येऊन गेलेला असतो. ही सूत्रे n मोठा धरून केलेली आसन्न सूत्रे आहेत. वर्गमुळासह पूर्ण गणित केले, तर तो कोन ७६.७° निघतो, आणि एवढ्या फरकासाठी मी तरी वर्गमुळाच्या वाटेला जात नाही.

खरी विषमता त्वरणात दिसते. टॉपला cos θ आणि cos 2θ दोन्ही १ असल्याने कंसात १.२५ येते, तळाला cos θ उणे होतो, cos 2θ मात्र १ च राहतो, म्हणून परिमाण ०.७५ उरते. ω²r सुमारे १३५७ धरल्यास टॉपला १६९६ आणि तळाला १०१८ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे पाचास तीन असे प्रमाण. म्हणूनच पिस्टन तळाशी अधिक रेंगाळतो. टॉपपासून २०° फिरल्यावर तो ४.१ मिलिमीटर हललेला असतो. तळापासून तेवढ्याच कोनात जेमतेम अडीच.

आमच्या आजोळच्या विहिरीवर एकच सिलिंडर असलेले इंजिन होते. ते चालू असताना चबुतऱ्यावर ठेवलेला पाण्याचा तांब्या आपोआप कडेकडे सरकत येई, आणि आजोबा न बघता हात लावून तो मागे ढकलीत. त्या थरथरीत मोठा वाटा त्वरणाच्या सूत्रातल्या पहिल्या पदाचा असणार. एका रांगेतल्या चार सिलिंडरांत दोन पिस्टन वर आणि दोन खाली असतात, त्यामुळे पहिले पद आपसांत कटते. परंतु θ मध्ये १८०° मिळवले की 2θ मध्ये ३६०° मिळतात, म्हणून दुसरे पद चारही पिस्टनांत एकाच दिशेचे राहते आणि त्यांची बेरीज होते. क्रँकला जोडलेले वजन क्रँकच्याच वेगाने फिरते. त्याने दुप्पट वेगाची ही थरथर शमत नाही. त्यासाठी दुप्पट वेगाने एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे दोन वजनदार शाफ्ट लावावे लागतात. ही युक्ती इंग्रज अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांची.

मात्र टॉपचे हे १.२५ थरथरीपुरतेच राहत नाही. पिस्टन, पिन आणि रॉडचा वरचा भाग मिळून दोन किलो धरले, तर टॉपला त्यांना मागे खेचण्यासाठी सुमारे साडेतीनशे किलोच्या वजनाएवढे बल लागते. दहनाच्या वेळी वायूचा दाब हा ताण झाकून टाकतो. एक्झॉस्टच्या शेवटी मात्र दाब जवळजवळ नसतो, आणि तो सगळा ताण रॉडच्या बिगएंडच्या, म्हणजे क्रँकला धरणाऱ्या खालच्या टोकाच्या, दोन बोल्टांवर येतो. फेऱ्या आवरून धरणारा गव्हर्नर अडकून त्या ३००० वर गेल्या, तर ω च्या वर्गामुळे तो चौपट, जवळजवळ चौदाशे किलो होतो. असे एकदा पळालेले इंजिन उघडले, तर बोल्ट नव्या बोल्टाशेजारी ठेवून पाहावेत. लांबी थोडीही जास्त भरली, मध्ये कंबर बारीक झाली असली किंवा नट हाताने शेवटपर्यंत उतरत नसला, तर तो बोल्ट ताणला गेलेला आहे आणि तो पुन्हा बसवू नये. तुटला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो, आणि त्या वेळी शेजारी कोण उभे आहे हे तो पाहत नाही.