डोकं दुखण्याची वेळ

परीक्षेचा मोसम आला की आमच्या घरात बामाची डबी कपाटातून बाहेर येते आणि घरातला प्रत्येक माणूस डॉक्टर होतो. यंदा रुग्ण होती माझी भाची. बारावीसाठी उदगीरहून लातूरला आमच्याकडे राहायला आलेली. सकाळी कॉलेज, दुपारी नीटचा क्लास, रात्री सरावाच्या प्रश्नांचे गठ्ठे. दिवाळीनंतर तिचं डोकं अधूनमधून दुखायला लागलं आणि जानेवारीत ते जवळजवळ रोजचंच झालं.

पहिलं निदान अर्थातच सासूबाईंचं: दृष्ट. मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून गॅसवर टाकल्या आणि मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणजे लागलीच होती, असं जाहीर झालं. भावाने फोनवरून निकाल दिला, "नंबर वाढला असेल, मोबाईल कमी कर म्हणावं." आमच्या ह्यांना ॲसिडिटीची शंका. मी सायनसवर ठाम होते, कारण मला स्वतःला सायनस आहे. माणसाला आपलं दुखणं दुसऱ्यात फार लवकर दिसतं. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला, तो होता तिथेच होता. भाऊ दोन दिवस गप्प बसला.

शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. आम्ही सगळे तिला इतके दिवस विचारत होतो, कुठे दुखतं? त्यांनी विचारलं, केव्हा दुखतं?

"नेहमीच," ती म्हणाली.

"नेहमीच असं काही नसतं. वेळ लिहून आण."

त्यांनी बीपी घेतलं, डोळ्यांत टॉर्च मारून पाहिलं, मान पुढे-मागे वाकवून बघितली. दुखणं कपाळाभोवती कुणी रुमाल आवळून बांधल्यासारखं, दोन्ही बाजूंना सारखं. उलटी-मळमळ नाही, उजेडाचा त्रास नाही. मायग्रेन बहुतेक वेळा ठणकतं, एका बाजूला धरतं आणि माणसाला अंधार करून झोपायला लावतं. हे तसं दिसत नाही, म्हणाले. मला मात्र बजावून सांगितलं: अचानक कधी नव्हे इतकं जोरात दुखलं, तापाबरोबर मान ताठ झाली, दोन-दोन दिसायला लागलं, हातापायातली शक्ती गेली किंवा दुखणं दिवसेंदिवस चढतच गेलं, तर वहीबिही बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठायचा.

मग तिच्या पर्सकडे बोट दाखवून विचारलं, "गोळ्या किती घेतेस?" मला वाटत होतं, एखाद-दुसरी. पर्समधून पॅरासिटामॉलची अर्धी संपलेली पट्टी निघाली, आणि ती त्या आठवड्यातली होती. साध्या वेदनाशामक गोळ्याही महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस घेत राहिलं आणि असं तीन महिन्यांवर चाललं, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. दुखतं म्हणून गोळी आणि गोळीमुळे पुन्हा दुखणं, असा तो फेरा.

घरी येऊन भाचीने केमिस्ट्रीच्या जर्नलची मागची पानं उघडली आणि स्केलने रकाने आखले. झोपले, उठले, खाल्लं, पाणी, चहा, दुखलं केव्हा, दहापैकी किती, आणि शेवटी 'कारण'. कारणाचा रकाना मोकळाच ठेवला. प्रॅक्टिकलला निष्कर्ष आधी लिहिला की सर जर्नल फेकतात, असं तिचं म्हणणं.

ते पान मी पाहिलंय. एक ओळ अशी होती: "मंगळवार. १.४० ते ५.३०. डबा पूर्ण. बाटली अर्धी परत. चहा ४. सकाळी ७ ला ४/१०, संध्याकाळी ५ ला ६/१०." पुढच्या ओळीही थोड्याफार फरकाने तशाच. पण पान भरत आलं तसं तिलाच दिसलं की दुखण्याच्या वेळा दोन आहेत. सकाळी उठल्या-उठल्या एक आणि संध्याकाळी क्लासमधून येताना दुसरी. सकाळचं दुखणं पाच तासांहून कमी झोप झाली त्याच दिवशी यायचं. संध्याकाळचं मात्र झोपेला फारसं जुमानत नव्हतं. आणि रविवारच्या ओळीत संध्याकाळचा रकाना कोरा.

रविवारी क्लास नसतो, पण अभ्यास तेवढाच, किंबहुना जास्त. उठणंही पहाटेचंच. मग रविवारी डोकं का दुखत नाही? तिने उत्तर 'पाणी' या रकान्यात शोधलं. रविवारी घरात माठ शेजारी. ती तांब्या-तांब्याने पाणी पीत होती. क्लासच्या दिवशी एक लिटरची बाटली अर्धी परत येत होती, आणि कधीकधी त्याहून जास्त.

"अगं, मग प्यायचं ना पाणी," मी म्हटलं. पाण्याची किंमत आम्हा लातूरकरांना कुणी शिकवायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं या गावाला. आणि इथे भरलेली बाटली दिवसभर दप्तरात फिरून परत येत होती.

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आत्या, पाणी प्यायलं की जावं लागतं."

क्लासच्या त्या मजल्यावर मुलींसाठी एकच स्वच्छतागृह. आतली कडी तुटलेली. जोडीने जायचं, एकीने बाहेरून दार धरून उभं राहायचं. फिजिक्स आणि बायोच्या मधला ब्रेक दहा मिनिटांचा आणि रांग जिन्यापर्यंत. त्यामुळे मुलींनी आपापसात एक सोपा उपाय काढला होता: घशाला कोरड पडली तर एक घोट, तोंड ओलं करण्यापुरता. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं, पण सगळ्या तसंच करत होत्या. 'पाणी पी गं' हे आम्ही तिला दिवसातून दहादा सांगत होतो. 'का पीत नाहीस' हे मात्र कुणी विचारलंच नव्हतं. माझ्या मते हिच्या डोकेदुखीची अर्धी गोष्ट त्या कडीत होती.

मी आणि आणखी दोन मुलींच्या आया क्लासच्या ऑफिसात जाऊन बसलो. "कळवतो" असं उत्तर मिळालं. आम्ही म्हटलं, कळवू नका, सुताराला बोलवा. तो येईपर्यंत आम्ही बसलोय. संध्याकाळी कडी लागली.

दोन्ही गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत, हे भाचीनेच ठरवलं. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या तर गुण कशाने आला ते कळणार कसं? म्हणून आधी फक्त पाणी. झोप होती तशीच. पहिल्याच दिवशी तिने घरून निघताना अख्खी बाटली गटागटा रिकामी केली आणि बायोच्या टेस्टमध्ये शेवटचा पाऊण तास पायावर पाय आवळून काढला. एकदम ढोसलेल्या पाण्यातलं बरंचसं शरीर मुकाट्याने बाहेर टाकून देतं, हे ती बायोतच शिकली होती, पण पुस्तकातलं मूत्रपिंड आपलंच असतं हे सुचायला वेळ लागतो. मग वाटणी झाली. उठल्यावर एक पेला, निघताना एक, क्लासमध्ये थोडं-थोडं करून बाटली, घरी आल्यावर उरलेलं. तिच्या वयाच्या मुलीला दिवसाला साधारण दोन लिटर पुरतं, आणि त्यात वरण, ताक, फळं यांतलं पाणीही धरायचं. फेब्रुवारी सरताना इथे उन्हाचा चटका सुरू होतो, तेव्हा थोडं वाढवायचं.

पुरेसं झालं की नाही, हे ओळखायला पेले मोजण्यापेक्षा लघवीचा रंग बरा. फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडतंय. यातही एक गंमत झाली. रंग भलताच भडक पिवळा दिसतोय म्हणून ती घाबरली आणि आणखी पाणी पीत सुटली. वहिनींनी पाठवलेली बी-कॉम्प्लेक्सची गोळी ती त्याच दिवशी सुरू करून बसली होती. तो रंग गोळीचा. सकाळची पहिली लघवीही गडदच असते, तिच्यावरून काही ठरवायचं नसतं.

आठवड्याभरात संध्याकाळचं दुखणं बरंचसं ओसरलं. सकाळचं मात्र जागच्या जागी. म्हणजे आता झोपेची पाळी.

इथे खरी लढाई झाली, कारण पाणी प्यायला कुणाची हरकत नसते. झोपायला सगळ्यांचीच असते. तिच्या मैत्रिणी रात्री दोनला उघड्या पुस्तकाचा आणि चहाच्या कपाचा फोटो स्टेटसला टाकत. साडेअकराला दिवा घालवणारी मुलगी त्यांत आळशी ठरते. मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखतात ती त्याभोवतीची आवरणं, तिथल्या रक्तवाहिन्या, डोक्याचे आणि मानेचे स्नायू. आणि झोप कमी पडली की एरवी जाणवलंही नसतं असं दुखणं ठळक होतं, हे डॉक्टरांनी समजावलं होतं. पण तिला पटवलं ते तिच्याच वहीने. रात्री एक ते दोनमध्ये वाचलेलं पान सकाळी पुन्हा वाचावं लागतं, हेही ती कोपऱ्यात टिपून ठेवत होती.

पहिल्या रात्री साडेअकराला आडवी झाली आणि एकपर्यंत छताकडे बघत पडली. दहाचा चहा नडला होता. त्यातलं कॅफिन पाच-पाच तासांनीसुद्धा अंगात निम्मं उरतं. दुसऱ्या दिवशी तिने रागाने चारही चहा बंद केले आणि त्यापायी डोकं पुन्हा धरलं, कारण सवयीचा चहा एकदम तोडला तरी डोकं दुखतं. मग रात्रीचा आधी सुटला, नंतर संध्याकाळचा. सकाळचे दोन ठेवले. तेवढी सूट मीच दिली. साडेअकरा ते सहा अशी घडी बसली. या वयाला आठ तास हवेत, साडेसहा काही पुरे नव्हेत. पण बारावीच्या घरात याहून जास्त ओढून आणणं मला तरी जमलं नाही. सकाळचा रकाना हळूहळू कोरा पडू लागला.

वही घेऊन आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पानं उलटून पाहिली, मान डोलावली आणि म्हणाले, "छान. पण सगळं श्रेय पाण्याला आणि झोपेला देऊ नका. गोळ्याही सुटल्यात, आणि ताणाचा रकाना तू आखलेलाच नाहीस." तिने नाक मुरडलं. तिला आपला निष्कर्ष पक्का वाटत होता.

बोर्डाच्या परीक्षेत एका सकाळी डोकं पुन्हा दुखलं. झोप सात तास, पाणी व्यवस्थित, चहा एक, नाश्त्याला पोहे. मी वहीत डोकावले. इतके दिवस मोकळा असलेला 'कारण'चा रकाना तिने त्या दिवशी पहिल्यांदा भरला होता: "फिजिक्स."